चार ठिकाणांहून चिकटवलेला तक्ता: रिकाम्या ओळी, मोकळे कॉलम आणि मध्येच उगवणारे हेडर कसे काढायचे

दर महिन्याला कोणी ना कोणी एकच फाइल घेऊन येतं. नाव वेगळं, दुखणं तेच. तीन-चार जणांकडून आलेले तक्ते एकाखाली एक पेस्ट केलेले असतात आणि बेरीज जुळत नसते. ही दुरुस्ती मी इतक्यांदा केली आहे की आता फाइल उघडल्या-उघडल्या कुठे बघायचं ते ठरलेलं आहे. इथे एक्सेल धरून लिहितो. सूत्रं गूगल शीट्स आणि लिब्रऑफिसमध्येही चालतात, मेनू आणि काही कळा मात्र वेगळ्या असतील.

लक्षणं

फिल्टर लावला की तो वरच्या तुकड्यालाच लागतो, खालच्या शंभर ओळी त्याच्या गावीही नसतात. सॉर्ट केलं तर अर्धाच तक्ता हलतो. तारखेच्या फिल्टरची यादी उघडली तर तारखांच्या शेवटी 'तारीख' हा शब्दच एक नोंद म्हणून बसलेला दिसतो. पिव्होट टेबलात `(blank)` नावाचा गट येतो आणि नगांची बेरीज मिळण्याऐवजी नोंदींची मोजणी मिळते, कारण त्या कॉलमात आकड्यांसोबत मजकूरही घुसलेला असतो. कधी पिव्होट बनतच नाही, 'फील्डचं नाव वैध नाही' म्हणून अडतो. तेव्हा समजायचं की एखाद्या कॉलमाच्या डोक्यावर नाव नाही. आणि सगळ्यात फसवं लक्षण म्हणजे बेरीज येते, पण दीडपट-दुप्पट येते.

यातली दोन लक्षणं जरी दिसली तरी एक-एक ओळ हाताने खोडायला बसू नका. खाली मी ज्या क्रमाने तपासतो तो क्रम दिला आहे, सोपं आधी. सोबत एक खरी फाइल घेतो. आकडे डोळ्यांसमोर असले की कुठली पायरी का आहे ते लगेच कळतं.

फाइल अशी होती

वस्तूंच्या वाटपाची नोंद, सहा कॉलम: तारीख, पावती क्र., वस्तू, विभाग, नग, शेरा. पहिल्या स्रोतात 118 नोंदी, दुसऱ्यात 96, तिसऱ्यात 141, चौथ्यात 87. म्हणजे एकूण 442. दुसरा तक्ता वेबपानावरून उचललेला, तिसरा छापायच्या पीडीएफमधून, दर पानाला 40 नोंदी. पेस्ट केलेली शीट 477 ओळींची झाली होती. 442 नोंदी आणि एक हेडर मिळून 443 हव्यात, म्हणजे 34 ओळी फालतू होत्या.

हा हिशेब साफसफाईच्या आधी मांडायचा. प्रत्येक मूळ फाइल उघडून तिच्यातल्या नोंदी मोजायच्या आणि नगांची बेरीज लिहून ठेवायची. इथे ती 2,360, 1,845, 2,910 आणि 1,705 अशी होती, एकत्र 8,820. पाच मिनिटांचं काम आहे. हे दोन आकडे, 442 आणि 8,820, हातात नसतील तर शेवटी शीट स्वच्छ झाली की तिच्यातून काही गेलं, हे सांगताच येत नाही. स्वच्छ दिसणं दोन्हीकडे सारखंच असतं.

मूळ शीटची एक प्रत त्याच फाइलमध्ये वेगळ्या नावाने ठेवा आणि तिला हात लावू नका.

पहिली तपासणी: शीट संपते कुठे

`Ctrl+End` दाबा. कर्सर शेवटच्या वापरलेल्या सेलवर जातो. 477व्या ओळीवर जायला हवा तिथे तो पाच हजाराव्या ओळीवर किंवा पार उजवीकडच्या कॉलमात गेला, तर तिथे कधीतरी रंग, रेघा किंवा एखादी मोकळी जागा पडलेली आहे. डेटा नसेल तर त्या ओळी आणि कॉलम पूर्ण निवडून `Delete` मेनूने काढा आणि फाइल सेव्ह करा. नुसती `Delete` कळ दाबून भागत नाही, ती मजकूर पुसते, फॉर्मॅटिंग तसंच राहतं.

याच वेळी लपवलेल्या ओळी आणि कॉलम उघडून घ्या आणि जुना फिल्टर लागलेला असेल तर काढा. न दिसणाऱ्या ओळींवर काम करण्यात काही अर्थ नाही.

दुसरी तपासणी: कॉलम सरकलेत का

लोक ही पायरी गाळतात आणि सगळ्यात मोठं नुकसान इथेच होतं. माझंही झालं होतं.

या फाइलचा चौथा स्रोत A कॉलममध्ये सुरूच होत नव्हता. पाठवणाऱ्याने डावीकडे एक मोकळा कॉलम ठेवला होता, दिसायला नीटनेटकं वाटावं म्हणून. त्यामुळे 389 ते 477 या ओळींत तारीख B मध्ये, नग F मध्ये आणि शेरा G मध्ये. अशाच एका फाइलवर मी एकदा सर्वांना माहीत असलेला जलद उपाय केला होता: A कॉलम निवडायचा, `F5`, मग `Special`, `Blanks`, आणि पूर्ण ओळी खोडायच्या. दोन सेकंदांत शीट देखणी झाली. संध्याकाळी कळलं की एका स्रोताच्या सगळ्याच्या सगळ्या नोंदी नाहीत.

इथे तोच उपाय केला असता तर 95 ओळी गेल्या असत्या. त्यांतल्या खऱ्या रिकाम्या फक्त 6, चौथ्या स्रोताचं हेडर आणि 'एकूण' धरून 2, आणि 87 खऱ्या नोंदी. ओळ रिकामी आहे की नाही हे एका सेलवरून कधीच ठरत नाही.

ओळखायचं असं. डेटाच्या उजवीकडचा पहिला कॉलम, इथे G, निवडा आणि खालच्या पट्टीवरचा `Count` बघा. सगळं जागच्या जागी असेल तर G पूर्ण मोकळा असायला हवा. तिथे तीस-चाळीस नोंदी दिसल्या आणि त्या सगळ्या शीटच्या एकाच पट्ट्यात असल्या, तर तो पट्टा सरकलेला आहे. मग त्या पट्ट्याचा A तपासा:

```
=COUNTA(A389:A477)
```

उत्तर 0 आलं की A389:A477 एवढेच सेल निवडून `Delete` करा आणि `Shift cells left` घ्या. या संपूर्ण कामात सेल सरकवायची मुभा फक्त इथे. बाकी कुठेही `Shift cells up` किंवा `left` घेतलंत तर एका पावतीचे नग दुसऱ्या पावतीला जाऊन चिकटतील, आणि ते नुसत्या नजरेने सापडत नाही.

आता G मोकळा झाला. उरलेले मोकळे कॉलमही `COUNTA` लावूनच तपासा आणि पूर्ण कॉलम खोडा. एका गोष्टीत मात्र हात आखडता घ्या. डोक्यावर नाव आहे पण खाली काहीच नाही, असा कॉलम लगेच उडवू नका. 'शेरा' या महिन्यात कोणी भरला नसेल, पुढच्या महिन्यात भरतील, आणि तेव्हा पुन्हा कॉलम सरकतील. नाव नाही आणि मजकूरही नाही, तो कॉलम बिनधास्त काढा. नाव नाही पण मजकूर आहे, तर आधी त्याचं नाव शोधा.

शीटमध्ये मर्ज केलेले सेल असतील तर तेही आत्ताच सुटे करा, नाहीतर पुढे सॉर्ट अडेल. सुटे केल्यावर किंमत पहिल्याच सेलमध्ये राहते आणि खालचे मोकळे होतात. ते मोकळे सेल कचरा नाहीत, वरचीच किंमत त्यांत भरायची असते.

तिसरी तपासणी: खोडण्याआधी खूण

इथून पुढे काहीही थेट खोडायचं नाही. आधी प्रत्येक ओळीवर ती काय आहे याची खूण करायची, मग खुणा मोजायच्या, आणि हिशेब जुळला तरच खोडायचं.

G1 मध्ये 'जुनी ओळ' लिहा. मग डावीकडच्या नावाच्या चौकटीत `G2:G477` टाइप करून एंटर दाबा, `=ROW()` लिहा आणि `Ctrl+Enter` दाबा. कोपऱ्याच्या ठिपक्यावर डबल-क्लिक करून सूत्र खाली ओढायची सवय इथे उपयोगाची नाही. तो ठिपका पहिल्या रिकाम्या ओळीपाशी थांबू शकतो, आणि इथे रिकाम्या ओळी हेच तर दुखणं आहे. लगेच G कॉपी करून तिथेच `Paste Values` करा, नाहीतर सॉर्ट केल्यावर हे क्रमांक नव्याने मोजले जातील आणि मूळ क्रम कायमचा हरवेल.

हे क्रमांक कॉलमची सरकासरकी झाल्यावरच टाका. आधी टाकलेत तर `Shift cells left` त्यांनाही ओढून नेईल.

H1 मध्ये 'भरलेले' आणि H2 पासून खाली, त्याच नावाच्या चौकटीच्या पद्धतीने:

```
=SUMPRODUCT(--(LEN(TRIM(SUBSTITUTE(A2:F2,UNICHAR(160),"")))>0))
```

ओळीतल्या सहापैकी किती सेल खरोखर भरलेले आहेत ते हे सांगतं. साधं `COUNTA` का नाही? कारण त्याला मोकळी जागासुद्धा मजकूर वाटते. `""` देणारं सूत्रही त्याला भरलेलं वाटतं. या फाइलमध्ये `COUNTA` ने फक्त 6 ओळी रिकाम्या दाखवल्या, स्रोतांच्या मधल्या. वरच्या सूत्राने 25 दाखवल्या. जास्तीच्या 19 वेबपानावरून आलेल्या होत्या, दर पाच नोंदींनंतर एक, आणि प्रत्येक सेलमध्ये एक न तुटणारी स्पेस. हे अक्षर क्रमांक 160. दिसायला साध्या स्पेससारखंच, पण `TRIM` त्याला हात लावत नाही, ते फक्त क्रमांक 32 ची साधी स्पेस काढतं. म्हणून आधी `SUBSTITUTE`.

शंका असेल तर एका 'रिकाम्या' सेलवर `=LEN(A129)` लावून बघा. 0 ऐवजी 1 आला की आत कोणीतरी लपलेलं आहे. नेमकं कोण, ते `=UNICODE(A129)` सांगतं. 160 आलं तर वरचं सूत्र पुरे. 8203 आलं तर ती शून्य रुंदीची स्पेस आहे, तिच्यासाठी आणखी एक `SUBSTITUTE` घालावा लागेल.

चौथी तपासणी: पुन्हा आलेली हेडरं

या फाइलमध्ये हेडरं सात होती. चार स्रोतांची चार, आणि पीडीएफच्या 141 नोंदी चार पानांवर पसरल्यामुळे दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या पानाची आणखी तीन. एक ठेवायचं, सहा काढायची.

सोपा उपाय म्हणजे फिल्टरमध्ये 'तारीख' निवडून त्या ओळी खोडणं. स्रोत एकाच साच्यातले असतील तर तो पुरतोही. पण इथे एका ठिकाणी 'तारीख' नंतर एक स्पेस होती, पीडीएफमध्ये 'पावती क्र.' ऐवजी 'पावती क्रमांक' आणि 'शेरा' ऐवजी 'टिपण' होतं. म्हणून एका शब्दावर न जाता पूर्ण ओळ पहिल्या ओळीशी ताडून बघायची. I1 मध्ये 'जुळले', I2 पासून:

```
=SUMPRODUCT((LEN(TRIM($A$1:$F$1))>0)*(TRIM(A2:F2)=TRIM($A$1:$F$1)))
```

सूत्राचा पहिला कंस उगाच नाही. पहिल्या ओळीत एखादं नाव मोकळं राहिलं असेल, तर मोकळा सेल मोकळ्या सेलशी जुळला असं धरलं जाईल आणि साध्या नोंदींनाही गुण मिळतील.

इथे दुसऱ्या स्रोताच्या हेडरला 6, पीडीएफच्या चारही हेडरांना प्रत्येकी 4 आणि चौथ्या स्रोताच्या हेडरला 5 गुण आले. बाकी सगळीकडे 0. मधे काहीच नाही, त्यामुळे 3 ही सीमारेषा घ्यायला हरकत नव्हती. तुमच्या फाइलमध्ये 1-2 गुणांच्या ओळी दिसल्या तर त्या आधी उघडून वाचा. आणि हो, दुसरी तपासणी गाळली असती तर सरकलेल्या हेडरला इथे 0 मिळाला असता, कारण ताडणी जागेवरून होते.

आता कोणीतरी म्हणेल, `Remove Duplicates` दाबलं की हेडरंही जातात आणि रिकाम्या ओळीही. बऱ्याचशा जातात खऱ्या. पण त्याच दिवशी, त्याच विभागाला, तीच वस्तू, तेवढेच नग दोनदा दिले असतील आणि पावती क्रमांक लिहायचा राहिला असेल, तर त्यांतली एक खरी नोंदही जाते. ते बटण खऱ्या दुबार नोंदी शोधायला ठेवा, हेडर काढायला नको.

पाचवी तपासणी: 'एकूण'च्या ओळी

रिकामी नाही, हेडरही नाही, आणि बेरीज हीच बिघडवते. कॉलम जागेवर आल्यावर नगांची बेरीज 14,730 येत होती. हव्या होत्या 8,820. फरक 5,910, म्हणजे बरोबर 2,360, 1,845 आणि 1,705 यांची बेरीज. तीन स्रोतांनी आपापल्या तळाला 'एकूण' ओळ ठेवली होती. पीडीएफवाल्याने ठेवली नव्हती.

अशा ओळीत सहसा दोनच सेल भरलेले असतात, शब्द आणि आकडा. खऱ्या नोंदीत इथे पाच किंवा सहा होते. म्हणून J1 मध्ये 'निकाल', आणि J2 पासून:

```
=IF(H2=0,"रिकामी",IF(I2>=3,"हेडर",IF(H2<=2,"तपासा","ठेवा")))
```

'तपासा' असं मुद्दाम लिहिलं आहे, 'खोडा' नाही. अर्धवट भरलेली खरी नोंदही इथे येऊ शकते, किंवा वरच्या ओळीतला लांब शेरा खाली ओघळून त्याची वेगळी ओळ झालेली असू शकते. या ओळी डोळ्यांनी वाचायच्या. इथे तीन होत्या: 120, 239 आणि 477. तिन्ही 'एकूण' होत्या.

आता खुणा मोजा. `=COUNTIF(J2:J477,"ठेवा")` असं चारही शब्दांसाठी. आले असे: रिकामी 25, हेडर 6, तपासा 3, ठेवा 442. चौघांची बेरीज 476, म्हणजे दुसऱ्या ओळीपासून 477व्यापर्यंत एकही ओळ सुटलेली नाही. 'ठेवा' मूळ मोजणीशी जुळलं. आता खोडायला हरकत नाही.

खोडणं

H, I, J कॉपी करून `Paste Values` करा. पूर्ण भाग, A1 ते J477, निवडून 'निकाल' कॉलमवर सॉर्ट करा. मदतीचे कॉलम प्रत्येक ओळीत भरलेले असल्याने आता तक्ता मध्येच तुटत नाही. चारही प्रकार आपापल्या गठ्ठ्यात येतात. नको ते गठ्ठे पूर्ण ओळींसकट काढा, मग 'जुनी ओळ'वर सॉर्ट करून मूळ क्रम परत आणा. फिल्टर लावून विखुरलेल्या ओळी खोडण्यापेक्षा हे मोठ्या फाइलमध्ये बरंच लवकर होतं, आणि काय काढतोय ते एकत्र दिसतं.

शेवटी फाइल सेव्ह केली की `Ctrl+End` 443व्या ओळीवर जायला हवा आणि E ची बेरीज 8,820. जुळलं की G ते J काढून टाका. बेरीज कमी आली आणि ओळी मात्र बरोबर असल्या, तर काही आकडे मजकूर म्हणून बसले आहेत. ते सेलमध्ये डावीकडे चिकटलेले दिसतात आणि `SUM` त्यांना मोजत नाही.

दर महिन्याला हेच असेल तर

तेव्हा एक्सेलमधलं पॉवर क्वेरी हे साधन शिकून घेणं परवडतं. स्रोत फाइली एका फोल्डरमध्ये टाकायच्या आणि रिफ्रेश दाबायचं. दोन खड्डे मात्र सांगून ठेवतो. तिथलं `Remove Blank Rows` फक्त `null` आणि रिकामा मजकूर ओळखतं, स्पेसवाली ओळ तशीच राहते. म्हणून आधी 160वालं अक्षर बदलून `Trim` करा. दुसरं, हेडरं गाळायची पायरी `Changed Type` च्या आधी हवी. उलट क्रम झाला तर 'तारीख' या शब्दाची तारीख करता न आल्याने तिथे `Error` येतो, आणि वैतागून `Remove Errors` दाबलं की चुकीची तारीख लिहिलेल्या खऱ्या नोंदीही गुपचूप जातात. पॉवर क्वेरी ही `Changed Type` पायरी बहुतेक वेळा आपणहून घालते, तेव्हा पायऱ्यांची यादी वाचा.

कुठे थांबायचं

एक नोंद दोन-तीन ओळींत पसरलेली असेल आणि किती ओळींत हे ठरलेलं नसेल, तर वरची कुठलीही पायरी लावू नका. 'तपासा'च्या ओळी शेकड्यांत गेल्या की समजा तीच वेळ आली. शीटवर दुसऱ्या फाइलींची सूत्रं किंवा मॅक्रो अवलंबून असतील तरी थांबा. ओळी खोडल्यावर तिकडे `#REF!` उगवू शकतील किंवा भलत्याच ओळीचे आकडे येतील, आणि मॅक्रो तर चुकीच्या ओळीवर निमूटपणे चालत राहील. पगार, औषधं, लेखापरीक्षण अशा नोंदी असतील तर त्या सांभाळणाऱ्याला विचारल्याशिवाय एकही ओळ काढू नका, प्रतीवरसुद्धा मोजून झाल्यावरच. आणि दोनदा सगळं करूनही मोजणी जुळली नाही, तर तिसऱ्यांदा करत बसू नका.

अशा वेळी डेटाबेस किंवा स्क्रिप्टचं काम करणाऱ्या माणसाला बोलवा, किंवा ज्या प्रणालीतून हे तक्ते निघतात ती सांभाळणाऱ्याकडे जा. तिथून पान-हेडरांशिवायची सीएसव्ही फाइल मिळाली तर अर्धं काम तिथेच संपतं. त्यांना चिकटवलेली शीट देऊ नका. चारही मूळ फाइली द्या आणि सोबत प्रत्येकीची नोंदींची मोजणी व बेरीज.